आबांचा रस्ता आणि अपडेटचं बटण

आमच्या बारामतीच्या घरी पाहुणा आला की त्याला आधी पाणी, मग चहा, आणि चहा उकळेपर्यंत त्याचा मोबाईल चार्जिंगला. ही तिसरी रीत माझ्या नवऱ्याची. पाहुणा "राहू द्या, भरलेला हाय" म्हणतो, हे "असू द्या, भर पडंल थोडी" म्हणतात आणि फोन हिसकावून घेतल्यासारखा घेतात. कुणाचं वाईट झालं नव्हतं त्यानं, म्हणून मीही कधी बोलले नव्हते. त्या दिवशी माझे वडील, आबा, डोळे तपासायला वरकुट्याहून आले, तेव्हा जावयानं सासऱ्याचा टॅब असाच काढून घेतला आणि टीव्हीच्या मागच्या पिनेला लावला. आम्ही दवाखान्यात गेलो. टॅब घरी एकटाच पडून राहिला.

आबा एसटीत ड्रायव्हर होते. बारामती–इंदापूर हा रस्ता त्यांनी इतकी वर्षं मारला, की रिटायर झाल्यावरही सकाळी उठून ते अंगणात उभे राहायचे आणि कुठं जायचं ते त्यांना सुचायचं नाही. आईनं त्यांना शेळ्या घेऊन दिल्या, शेळ्यांशी त्यांचं पटलं नाही. मग माझ्या भावानं एक टॅब दिला आणि त्यात बस चालवायचा गेम टाकला. भावाला वाटलं, चार दिवस खेळतील. आबांनी तो गेम नोकरीसारखा धरला. न्याहारी झाली की ओट्यावर बसायचं, टॅब दोन्ही हातांत स्टिअरिंगसारखा धरायचा, आणि वळण आलं की टॅबबरोबर स्वतःही वळायचं.

सुरुवातीला गेममध्ये परदेशी रस्ते होते. समुद्र, डोंगर, बोगदे. आबा म्हणायचे, "रस्ता ब्येस हाय, पर माणूस न्हाय एक." मग कधीतरी गेममध्येच एक पाटी आली, की स्वतःचा रस्ता बनवायची नवी सोय येते आहे, आधी वापरून बघायची असेल तर बीटात सामील व्हा. बीटा म्हणजे काय हे आबांनी कुणाला विचारलं नाही. सामील व्हा म्हटलं की सामील व्हायचं, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी दुकानाच्या पानावर खाली जाऊन बटण दाबलं आणि त्यांना रस्ता बनवायची सोय मिळाली.

दुकान म्हणजे टॅबमधलं, जिथून गेम उतरवतात ते.

त्यानंतर आबांनी बारामती ते इंदापूर सगळा रस्ता बनवला. एकेक झाड बोटानं उचलून कडेला लावलं. आता रस्ता रुंद झालाय, झाडं गेलीत, पण आबांच्या रस्त्यावर ती सगळी होती. काटेवाडी, सणसर, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव, सगळ्यांच्या पाट्या होत्या. वरकुट्याला जायला आम्ही उतरायचो त्या फाट्यावर पत्र्याची टपरीसुद्धा होती. मी बघितलं तेव्हा हसले. "आबा, टपरीवाल्याची उधारी पण टाकलीय का?" आबा हसले नाहीत. म्हणाले, "तात्याला दावायचंय."

तात्या म्हणजे त्यांचे कंडक्टर. कन्हेरीचे. दोघांची ड्युटी बहुतेक बरोबर असायची, आणि एकमेकांशिवाय त्यांचं जेवणही व्हायचं नाही. तात्यांना काही वर्षांपासून विसरायचा आजार लागला होता. आधी वस्तू विसरायचे, मग माणसं. काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, ते कधी कधी "तुमी कुठं उतरनार?" असं विचारायचे. काकू मला हे हसत सांगायच्या आणि सांगून झालं की उठून आत जायच्या.

आबांनी टॅब तात्यांच्या पुढं धरला, तेव्हा मी तिथं होते. बारामतीचा स्टँड दिसला. तात्या बघत राहिले. आबांनी बस काढली. कन्हेरीचा फाटा आला, आणि तात्यांनी पाण्याच्या तांब्यावर चमच्यानं एकदा टण् केलं. बस थांबवायची घंटी. आबांनी बस थांबवली. तात्या म्हणाले, "कन्हेरीऽऽ, चला कन्हेरीवाले, पुढं सरका." आणि मग दोनदा टण् टण्. डबल बेल. जाऊ द्या.

इंदापूर येईपर्यंत त्यांनी एकही थांबा चुकवला नाही. काकू दारात उभ्या राहून रडत होत्या आणि तात्या त्यांच्याकडं बघून म्हणाले, "अगं, च्या टाक की ड्रायव्हरला." कितीतरी दिवसांनी त्यांनी बायकोला "अगं" म्हटलं होतं.

तेव्हापासून दर आठवड्याला आबा टॅब पिशवीत घालून कन्हेरीला जायला लागले. एक फेरी जायची, एक यायची. त्या दोन फेऱ्या तात्या पूर्ण तात्या असायचे आणि काकूंना घरात माणूस असायचा. बाकीचे दिवस नाही.

तर त्या दिवशी दवाखान्यातून आम्ही दुपारी परतलो. डोळ्यांत थेंब घातल्यामुळं आबांना सगळं धुरकट दिसत होतं. तरी ते म्हणाले, "जाता जाता तात्याकडं थांबू." मी त्यांना गाडीवरून कन्हेरीला नेलं. तात्या तांब्या-चमचा घेऊन बसलेच होते. आबांनी टॅब माझ्याकडं दिला, "तूच उघड, मला दिसंना."

मी उघडला. गेमचं चित्रच बदललेलं होतं. पूर्वी लाल बस होती, आता निळी चकचकीत. "नवीन काय आहे" असं लिहिलेली पाटी आली, ती मी न वाचता बंद केली, कारण असल्या पाट्या कोण वाचतं. "माझे रस्ते" कुठंच सापडेना. शेवटी एका कोपऱ्यात सापडलं. त्यात आबांचा रस्ता होता, नावासकट, पण राखाडी झालेला. दाबलं तर ओळ आली: ही फाईल या आवृत्तीत उघडता येत नाही.

मी आबांना वाचून दाखवलं, अपडेट झालेलं दिसतंय असंही म्हटलं. ते म्हणाले, "परत दाब." मी परत दाबलं. तीच ओळ. मी टॅब बंद करून चालू केला. तीच ओळ. तात्यांनी तांब्यावर डबल बेल दिली. बस काही निघेना. त्यांनी आणखी एकदा दिली, मग चमच्याकडं बघितलं आणि तो खाली ठेवला.

"पर अपडेट झालं कसं?" परत बारामतीला येताना आबा वाटेत मला विचारत होते. "आमच्यात वायफाय न्हाय. अपडेट कुठनं येनार?"

आबांचा असा पक्का समज होता की अपडेट हे पाटाच्या पाण्यासारखं, पाट नाही तर पाणी नाही. आणि ते अगदीच चूक नव्हतं. वरकुट्यात टॅबला सिमचा नेट, आणि दुकानाचं सेटिंग होतं "फक्त वायफायवर अपडेट करा". त्यामुळं इतके महिने गेम जागचा हलला नव्हता. पण दिवाळीला आबा आमच्याकडं आले होते, तेव्हा टॅबला आमच्या वायफायचा पासवर्ड दिला होता, आणि टॅब माणसासारखा नाही, तो विसरत नाही. घरात शिरल्याबरोबर तो आपणहून जोडला गेला. त्यात चार्जिंगला लावलेला, त्यात कुणी हात लावत नाही. हे सगळं मला त्या वेळी कळलं नव्हतं. मला फक्त एवढं कळलं होतं की टॅब माझ्या घरात बिघडला, आणि घरी गेल्यावर मी नवऱ्यावर जी सुटले, ती त्यांचा चहा गार होईपर्यंत थांबले नाही.

"अगं, मी चार्जिंगला लावला. सेवा केली," ते म्हणाले.

"तुमच्या सेवेनं रस्ता गेला त्यांचा."

"चार्जिंगनं रस्ता कसा जाईल?"

याचं उत्तर मलाही येत नव्हतं, म्हणून मी आणखी जोरात बोलले.

दुसऱ्या दिवशी आबांना घेऊन मी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदार आत्मविश्वासाचा माणूस. "जुनं व्हर्जन टाकू की, त्यात काय," म्हणाला. त्यानं कुठल्याशा साइटवरून गेमची जुनी फाईल उतरवली. साइटवर इतक्या जाहिराती उघडत होत्या की मला माझाच फोन लपवावासा वाटला. फाईल टाकायला गेला तर टॅब म्हणाला, ॲप इन्स्टॉल झालं नाही. त्यानं तीनदा केलं, टॅबनं तीनदा तेच सांगितलं.

"नव्याच्या डोक्यावर जुनं बसत न्हाय," दुकानदार म्हणाला. "आधी नवं काढायला लागंल. मग बसंल."

आबांनी विचारलं, "नवं काढल्यावर माझा रस्ता?"

"त्यो गेममधीच हाय नव्हं? गेमबरोबर जाईल."

"मग जुना गेम घिऊन मी काय करू?"

"गेम तर मिळंल," दुकानदार म्हणाला. त्याच्या दृष्टीनं त्याचं काम झालं होतं.

म्हणजे जुना गेम हवा तर रस्ता जातो, आणि रस्ता ठेवायचा तर जुना गेम मिळत नाही. मी हे मनात चार वेळा म्हणून बघितलं. प्रत्येक शब्द कळत होता आणि मिळून काही कळत नव्हतं. मी म्हटलं, "रस्त्याची फाईल आधी बाहेर काढून ठेवा, मग गेम काढा." दुकानदारानं टॅब केबलनं जोडला, फोल्डरात शिरला, पण गेमच्या आतल्या खोलीला कुलूप होतं. ते कुणालाच उघडता येत नाही, टॅबच्या मालकालाही नाही, असं तो म्हणाला. आबा मालक होते. ते मला म्हणाले, "चल, ऊठ."

मी कॉलेजच्या ऑफिसात काम करते. आमच्याकडं कॉम्प्युटर शिकवणाऱ्या एक मॅडम आहेत, माझ्यापेक्षा लहान, माहेर उसाचं. मधल्या सुट्टीत मी टॅब त्यांच्यापुढं ठेवला आणि कटकट सगळी सांगितली. त्यांनी आधी दुकानाचं पान उघडून खाली नेलं. तिथं लिहिलं होतं, तुम्ही बीटा परीक्षक आहात.

"बाबांना माहीत आहे का, ते परीक्षक आहेत?"

"ते ड्रायव्हर आहेत," मी म्हटलं.

त्या हसल्या, पण नीट समजावून सांगितलं. बीटा म्हणजे अजून पक्कं न झालेलं. लोकांना वापरायला द्यायचं, काय बिघडतं ते बघायचं. त्यात एखादी सोय आज असेल, उद्या काढूनही टाकतील, आणि काढली तर तक्रार नाही, कारण सामील होतानाच ते लिहिलेलं असतं. आबांनी ज्याच्यावर अख्खा रस्ता बांधला, ते गेम करणाऱ्यांनी चाखायला दिलेलं होतं.

"मग बीटातून बाहेर पडलो तर?"

"तर सगळ्यांना मिळतो तो गेम मिळेल. पण त्यासाठी हा काढून परत घ्यावा लागेल. आणि त्या गेममध्ये रस्ता बनवायची सोय कधी आलीच नव्हती."

"दुकानात जुना का ठेवत नाहीत हो? किराणा दुकानदारसुद्धा जुना माल मागं ठेवतो."

त्या म्हणाल्या, इथं शेल्फावर एकच नग, शेवटचा. जुन्यात चुका असतात, चोरवाटा असतात, कुणी मुद्दाम जुनं बसवून त्या वाटेनं आत शिरू नये म्हणून टॅबच नकार देतो. आणि समजा बसवलंच, तरी नव्यानं एकदा लिहून ठेवलेलं जुन्याला बऱ्याचदा वाचता येत नाही. "काकवीचा गूळ होतो," त्या म्हणाल्या, "गुळाची काकवी करून दाखवा बरं."

हे मात्र मला लगेच कळलं, आणि कळल्यावर जास्त वाईट वाटलं. तोवर न कळण्यात थोडी आशा होती.

मॅडमनी दोन कामं केली. दुकानाच्या सेटिंगमध्ये जाऊन आपोआप अपडेट बंद केलं, आणि गेमच्या पानावर वरच्या तीन टिंबांत जाऊन त्या एका गेमची खूणही काढली. "आता वायफाय असू दे, चार्जिंग असू दे, विचारल्याशिवाय हलणार नाही. बटण मात्र दिसत राहील. ते दाबायचं की नाही, तुमच्या हातात." आणि गेम करणाऱ्यांना पत्र लिहिलं, आबांच्या वतीनं. रस्ता हवा आहे, रस्ता राखाडी झाला आहे, आम्ही तो काढून टाकलेला नाही.

उत्तर आलं, बऱ्याच दिवसांनी. सोय पुन्हा आणायचा विचार आहे. कधी ते सांगता येत नाही. जुने रस्ते तेव्हा उघडतील असं वचन देता येत नाही. गेम काढू नका.

मी आबांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हंजी, हाय बी आन् न्हाय बी." मी म्हटलं, तसंच काहीतरी. मला खरंच कळत नव्हतं की त्यांना आनंद व्हावा असं हे आहे की दुःख. अपडेटनं रस्ता नेला, आणि आणलाच तर अपडेटच आणणार. आधी बंद करायला धावलो, आता येण्याची वाट बघायची. माझी तर मती गुंग झाली होती.

मधल्या काळात आबा कन्हेरीला गेले नव्हते. काकूंचा फोन आला. तात्या रोज ओसरीवर तांब्या-चमचा घेऊन बसतात, गाडी लेट आहे म्हणतात, आणि लेट आहे म्हणून जेवत नाहीत. आबा त्याच दिवशी निघाले. मीही रजा टाकून गेले, कारण मला आबांची काळजी वाटत होती, खोटं कशाला बोलू.

आबांनी गेममधलाच एक रस्ता लावला, समुद्राकडेचा. बस निघाली. नारळाची झाडं, पांढरी घरं, खाली निळं पाणी. तात्या पुढं झुकून बघत होते. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ह्यो कुठला रस्ता?" ते म्हणाले. त्यांचा आवाज घाबरलेला होता. "ड्रायव्हर, ह्यो आपला न्हाय."

काकूंनी पदर तोंडाला लावला. मी टॅब बंद करायला हात पुढं केला. आबांनी स्टिअरिंग न सोडता, म्हणजे टॅब न सोडता, अगदी ड्युटीवरच्या आवाजात सांगितलं, "डायव्हर्जन हाय, तात्या. म्होरं काम चाललंय."

डायव्हर्जन तात्यांना आठवत होतं. रस्त्याची कामं निघाली की गाडी आडबाजूनं न्यायची, आणि गाडीतल्या लोकांनी कटकट केली की कंडक्टरनं त्यांना समजवायचं, हे त्यांनी जन्मभर केलं होतं. ते मागं वळून आमच्याकडं, माझ्या आणि काकूंच्याकडं बघून म्हणाले, "डायव्हर्जन हाय, बसून घ्या. इंदापूर घेनार गाडी, काळजी करू नगा." आणि पुढं एक पूल आला तेव्हा चमच्यानं टण् केलं. "कॅनॉलऽऽ."

तो कॅनॉल नव्हता, कुठल्या देशाची खाडी होती. आबांनी बस थांबवली.

तेव्हापासून समुद्राकडेचा तो रस्ता त्यांचा झाला. बोगद्याला तात्यांनी सणसर ठरवलं, दीपगृहाला लासुर्णे. दर फेरीला तेच, न चुकता. हे आधीच्यापेक्षा हळू बसलं, मध्ये त्यांची गडबड व्हायची, पण बसलं. एकदा परतीच्या फेरीला त्यांनी काकूंना नावानं हाक मारली.

परवा आबा आमच्याकडं आले होते. नवऱ्यानं सवयीनं टॅबकडं हात नेला आणि मध्येच थांबून माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, लावा, आता काही होत नाही. चहा होईपर्यंत मी सहज दुकानाचं पान उघडून बघितलं. गेमच्या नावापुढं "अपडेट करा" असं बटण होतं. यावेळी मी पाटी शेवटपर्यंत वाचली. स्वतःचा रस्ता बनवायची सोय परत आली आहे. बसचा खेळ नव्यानं मांडला आहे. जुने समुद्राचे आणि डोंगराचे रस्ते काढून नवे दिले आहेत. आबांनी लावलेली झाडं, पाट्या, फाट्यावरची टपरी, ते सगळं उघडेल की नाही याबद्दल एक अक्षर नव्हतं.

मी आबांना वाचून दाखवलं. माझा आवाज जरा चढला होता, कारण मला वाटत होतं की उघडेल. इतके दिवस खपून बनवलेला रस्ता होता तो. "आबा, दाबू का?"

आबांनी कप खाली ठेवला. "दाबलं आन् न्हाय उघाडलं, तर आत्ताचा परत येतुय का?"

"नाही येत."

"उघाडलं, तरी आत्ताचा जातुय."

"हो."

ते बटणाकडं बघत राहिले. मग त्यांनी टॅब माझ्या हातातून घेतला, पान बंद केलं आणि पिशवीत ठेवला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तात्याला आत्ता कुठं ह्यो ठाव झालाय."